उपग्रहावरून फाइल पाठवताना कोण कोण रखडलंय? अनुभव लिहा

गच्चीवरची_डिश: काल मुलीला गेटच्या तयारीत स्टॉप-अँड-वेटचं गणित अडलं: एक ब्लॉक पाठवा, पावती येईपर्यंत थांबा, मग पुढचा. लाइनचा वापर आला २.९ टक्के. म्हणाली, "बाबा, छपाईची चूक असेल, इतकं वाईट कोण वापरेल?" अगं, मी वापरलंय!

तालुक्याच्या ऑफिसात व्हीसॅट, ६४ केबीपीएस. संध्याकाळी ५०० केबीचा हिशेब एक्समोडेमने, म्हणजे त्याच पद्धतीने, मुख्यालयाला. १२८ बाइटचा ब्लॉक ओळीवर टाकायला लागायचे १६ मिलिसेकंद. मग तो ३६ हजार किलोमीटर वर, खाली, आणि पोचपावती पुन्हा त्याच वाटेने. ५४० मिलिसेकंद नुसती वाट बघायची. मिनिटभराचं काम ३७ मिनिटं चालायचं. मी खाली जाऊन चहा पिऊन यायचो.

पुरवठादाराचा माणूस म्हणाला, "१२८ची लाइन घ्या." घेतली. अर्धं मिनिट वाचलं. दुप्पट भाड्यात!

सोनचाफा: 😂 चहाचं भाडं वेगळं

रानवारा: दुप्पट लाइन घेऊन फक्त १६चे ८ झाले, ५४० तसेच. ब्लॉक मोठा करायचा, १०२४चा. प्रश्न मिटला.

जुना_मोडेम: मिटत नाही, रानवारा. १०२४ बाइटला १२८ मिलिसेकंद, भागिले ६६८, म्हणजे १९ टक्के. ८१ टक्के लाइन रिकामीच. शिवाय लाखात एक बिट बिघडत असेल तर १२८चे शंभरात एक ब्लॉक जातात, १०२४चे आठ.

खरा इलाज म्हणजे पावतीची वाट न बघता पाठवत राहणं. ५५६ भागिले १६, म्हणजे ३५ फ्रेम, १२८चेच ब्लॉक, हवेत असल्या की लाइन भरते. आमच्याकडे एक्स.२५ होतं, विंडो ७ वर. ७ फ्रेम सुटायच्या आणि पाठवणारा गप्प, वापर २० टक्के. महिनाभर केबल तपासल्या. मोडेमवरचा पाठवण्याचा दिवा बघितल्यावर कळलं: थोडा वेळ लुकलुक, मग अर्धा सेकंद अंधार. लाइन खराब असती तर असा ठेका धरला नसता. दोन्ही टोकांना फ्रेमचे क्रमांक आठाऐवजी १२८ केले, विंडो ४० ठेवली, अंधार गेला.

आईची_लेक: पावसाळ्यात आमच्या डिशचं पण असंच, ऐन मालिकेच्या वेळी चौकोन चौकोन. ती पण परत मागवते का हो?

सोनचाफा: टीव्हीची डिश मागे काही बोलतच नाही गं. गेलं ते गेलं. तू कुठली मालिका बघतेस?

गच्चीवरची_डिश: जुना_मोडेम, विंडो वाढवल्यावर पावसात काय व्हायचं?

जुना_मोडेम: तिथेच गंमत. गो-बॅक-एन होतं. एक फ्रेम फाटली की पलीकडचा तिच्यामागून आलेल्या सगळ्या चांगल्या फ्रेमही फेकून देतो. त्याची तक्रार इकडे पोचेपर्यंत आपण ३५ पुढे, मग त्या सगळ्या पुन्हा. शंभरात एक फ्रेम बिघडली तर वापर ७४ टक्क्यांवर, दहा बिघडल्या तर २० वर. म्हणजे पुन्हा विंडो ७ इतकाच. सिलेक्टिव्ह रिपीटला तेवढीच एक फ्रेम पुन्हा जाते, दहा बिघडल्या तरी ९० टक्के. फक्त पलीकडच्या खोक्याला पुढच्या फ्रेम सांभाळून ठेवायला मेमरी हवी, आणि तेव्हा ती महाग होती.

रानवारा: मग सरळ सिलेक्टिव्हच लावायचं सगळीकडे.

लॅबवाली: मी शिकवते, म्हणून खोडी काढते. आठच क्रमांक असतील तर सिलेक्टिव्हची विंडो ४ च्या वर नेता येत नाही, नाहीतर जुनी ० नंबरची फ्रेम पुन्हा आली तर ती नवीच वाटते. चार म्हणजे ११.५ टक्के. स्वच्छ हवेत साधं गो-बॅक ७ वर २० देतं! मुलं दरवर्षी इथे आपटतात.

रानवारा: हे माहीत नव्हतं 🙏

दर्यावर्दी: जहाजावरून लिहितोय. आमच्याकडे मेलचा बॉक्स अर्ध्यावर अडकला की पुन्हा शून्यापासून. हे गो-बॅक-किती म्हणायचं?

सोनचाफा: गो-बॅक-मुंबई

लॅबवाली: जुना_मोडेम, दहा टक्क्यांना २० हे मला पटत नाही. ते सूत्र प्रत्येक फ्रेम सुटी सुटी बिघडते असं धरतं. पावसात चुका घोळक्याने येतात. सलग वीस फ्रेम गेल्या तर गो-बॅकला ती एकच माघार, फार नुकसान नाही.

जुना_मोडेम: मुसळधार पावसाला मान्य. आमच्याकडे मात्र तासन्‌तास रिपरिप असायची, सिग्नल जेमतेम काठावर. तेव्हा सुट्या सुट्याच जायच्या असं वाटतं. नोंदवही ठेवली असती तर भांडता आलं असतं.

गच्चीवरची_डिश: मुलीला हे वाचून दाखवलं. ती विचारतेय, पावतीच हरवली तर? आता जेवायला बसतोय, कोणीतरी सांगा तिला.

लॅबवाली: गो-बॅकमध्ये पुढची पावती मागच्या सगळ्यांची पोच देते, तिला सांग. भात निवू देऊ नका.