अनुभव धागा: टीडीएस एक दिवस उशिरा भरला आणि दोन महिन्यांचे व्याज लागले

सांगली, मार्केट यार्डातील हिशेबनीस: हळदीच्या अडत दुकानाचे हिशेब मी पाहतो. गोदामभाडे आणि वाहतूक ठेकेदाराची बिले यांवरचा ४८,६०० रुपयांचा टीडीएस आम्ही ३१ जुलै २०२३ रोजी कापला. तो ७ ऑगस्टपर्यंत भरायचा होता, परंतु मालक परगावी असल्याने चलन ८ तारखेला भरले गेले. एका दिवसाच्या उशिराचे एक महिन्याचे व्याज, म्हणजे दीड टक्क्याने ७२९ रुपये, लागेल असे मी धरले होते. मागणी मात्र १,४५८ रुपयांची आली. असा अनुभव कोणाला आला असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

मिरज, कापड दुकानदार: दोन्ही आकडे मला चुकीचे वाटतात. वार्षिक १८ टक्के दराने एका दिवसाचे साधारण २४ रुपये होतात आणि मी नेहमी तसेच भरतो.

कराड, निवृत्त करसल्लागार: मिरजकरांचा हिशेब जीएसटीचा आहे, तेथे दिवस मोजतात. टीडीएसमध्ये महिना किंवा त्याचा भाग मोजतात आणि मोजणी ७ तारखेपासून नव्हे, तर कपातीच्या दिवसापासून सुरू होते. सात तारखेची सवलत वेळेत भरणाऱ्यालाच मिळते. विभागाची संगणक प्रणाली कॅलेंडरचे महिने धरते, म्हणून ३१ जुलैचा एक दिवस हा एक महिना आणि ऑगस्टचे आठ दिवस हा दुसरा. हेच चलन ३१ ऑगस्टला भरले असते तरी १,४५८ रुपयेच लागले असते, १ सप्टेंबरला मात्र २,१८७. व्याज सरळ असते, म्हणून दर महिन्याला मूळ ४८,६०० वरच ७२९ वाढतात. महिना म्हणजे तीस दिवस, असा अर्थ काही अपिली न्यायाधिकरणांनी लावला आहे; त्यानुसार आपले नऊ दिवस एकाच महिन्यात बसतात. परंतु ७२९ रुपयांसाठी अपील करावे, असे मी सुचवणार नाही.

सातारा, शिक्षिका: माझ्या वडिलांना निवृत्तिवेतन आणि ठेवींचे व्याज मिळते. त्यांचे विवरणपत्र ३१ जुलैऐवजी २ ऑगस्टला गेले आणि २३,४०० रुपयांचा उरलेला करही त्याच दिवशी भरला. व्याज २३४ रुपयेच लागले, विलंबशुल्क वेगळे. मग आम्हाला दीड टक्का का लागला नाही?

कराड, निवृत्त करसल्लागार: बाई, तो स्वतःचा कर, तेथे दर एक टक्का. शिवाय मोजणी १ ऑगस्टपासून झाली, म्हणून दोन दिवसांचा एकच महिना धरला गेला. टीडीएस हा दुसऱ्याच्या रकमेतून कापून आपल्याकडे ठेवलेला पैसा असतो, म्हणून दर जास्त.

सांगली, मार्केट यार्डातील हिशेबनीस: ट्रेसेसवरचा जस्टिफिकेशन रिपोर्ट आज ओळीओळीने तपासला. त्याच चलनातील ५ जुलैच्या कपातीलाही दोनच महिने लागले आहेत, आणि ती तीस दिवसांच्या मोजणीनेही दोनच महिन्यांत बसते. म्हणजे वाद फक्त महिनाअखेरच्या ओळींचा उरतो. व्याज भरले आहे; दुरुस्तीचा अर्ज करावा की नाही, हे मालकांनी अद्याप ठरवलेले नाही.