शोकसंदेशातल्या 'गोमेइफुकु'ला मराठीत काय म्हणावं?

मुक्ता (चाकण)
मी चाकणच्या एका कारखान्यात जपानी-मराठी दुभाष्याचं काम करते. आमच्या लाइनवरच्या एका सहकाऱ्याचे वडील गेले. जपानी मॅनेजरनं त्याला चार ओळी लिहिल्यात, त्या मला मराठीत करून आज संध्याकाळपर्यंत द्यायच्या आहेत. मूळ मजकूर देवनागरीत असा:

गोसोम्पुसामा नो गोसेइक्यो नो हो नि सेश्शि, कोकोरो योरि ओकुयामी मोओशिआगेमास. गोमेइफुकु ओ ओइनोरी इताशिमास. दोओका ओचिकारा ओतोशी नो नाइ योओ नि. नाओ, गोहेन्शिन नि वा ओयोबिमासेन.

माझा पहिला खर्डा: "आपल्या पूज्य वडिलांच्या निधनाची वार्ता समजली. मनापासून खेद व्यक्त करतो. मृतात्म्यास सद्गती लाभो. आपण शक्ती गमावू नये. उत्तर देण्याची आवश्यकता नाही."

वाचल्यावर मलाच ती नोटीस वाटली. मूळ मात्र तसं नाही, जपानीत ते अगदी नीट आणि अदबीचं आहे. मुख्य अडचण 'गोमेइफुकु'ची. 'मृतात्म्यास सद्गती' बरोबर आहे का?

अण्णा (सदाशिव पेठ)
'खेद' आधी काढ. खेद आता फक्त स्टेशनवरच्या घोषणेत उरलाय, 'गाडी चाळीस मिनिटे उशिराने' वगैरे. 'पूज्य वडील'ऐवजी 'तीर्थरूप' लिही, तोच आपला खरा शब्द. 'सद्गती' उत्तम आहे. माणूस गेल्यावर दुसरं काय मागायचं?

मुक्ता
अण्णा, 'तीर्थरूप' आता थट्टेत ऐकू येतो. "काय, तीर्थरूप काय म्हणतात?" असं पोरं एकमेकांना विचारतात. शोकसंदेशात तो वाचून कुणी दचकेल.

अण्णा
ते तुमच्या पिढीचं. आम्ही पत्रात अजून लिहितो. बरं, 'वडील' ठेव.

सुलभाकाकू
पैसे पाठवणार असाल तर पाकीट नवं घ्या आणि वर एक रुपया ठेवू नका, तो शुभकार्याला. माझ्या भाच्याच्या सासरी कुणीतरी एकशे एक रुपये दिले होते, केवढा गोंधळ झाला!

मुक्ता
काकू, पैशांचा प्रश्न नाही हो, फक्त मजकुराचा आहे. पण सांगितलंत ते बरं केलंत.

ओरिगामी
मी बारा वर्षं पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आणि बाहेर जपानी शिकवते. मुक्ता, तुझ्या चारही ओळींत वेगवेगळी गोची आहे, म्हणून एकेक घेते.

'कुयामी' हे 'कुयामु' या क्रियापदाचं नाम. शब्दकोशात पहिला अर्थ मिळतो पश्चात्ताप, हळहळ. तिथूनच 'खेद' आला असणार. पण 'ओकुयामी मोओशिआगेमास' ही बांधीव ओळ आहे, तिच्यातले शब्द सुटे करून काही हाती लागत नाही. तिचं काम आपल्याकडचं 'तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत' हे वाक्य करतं.

'गोसेइक्यो' हा मृत्यूसाठीचा अदबीचा शब्द, समोरच्याच्या घरच्या माणसासाठी वापरायचा. स्वतःच्या घरच्यासाठी तो चालत नाही. आपल्याकडे 'निधन' त्या जागेच्या जवळ जातं, पण त्यात वर्तमानपत्राचा वास आहे. 'गेले' हा शब्द जवळचा. ती निवड मजकूर कोण वाचणार त्यावर.

'ओचिकारा ओतोशी नो नाइ योओ' म्हणजे शब्दशः ताकद गळून पडू नये. तुझं 'शक्ती गमावू नये' त्यामुळे बरोबर आणि तरीही निरुपयोगी. मराठी माणूस 'धीर सोडू नका' म्हणतो.

राहिलं 'मेइफुकु'. 'मेइ' म्हणजे अंधारलेला परलोक, 'फुकु' म्हणजे सुख. गेलेल्याला तिकडे सुख मिळो, इतकंच. जपानमध्येसुद्धा हे सगळ्यांना चालत नाही. जोदो शिन्शू पंथाचे लोक तो वापरत नाहीत, कारण त्यांच्या मते माणूस गेल्याबरोबर शुद्धभूमीत जन्मतो, मग अंधारात सुखी राहा म्हणायचं कशासाठी? ख्रिश्चन घरातही तो वापरत नाहीत. अशा वेळी 'आइतो' शब्द घेऊन 'शोक व्यक्त करतो' इतकंच लिहितात. तेव्हा 'मेइफुकु' म्हणजे आत्मा नव्हे. आत्मा तू घातलास.

मुक्ता
मी घातला, कबूल. आता दुसरी गोष्ट सांगते, जी पहिल्यांदाच सांगायला हवी होती. त्यांच्या घरून जे पत्र फिरलं त्यावर 'कालकथित' लिहिलंय आणि 'पुण्यानुमोदन' कार्यक्रमाची तारीख आहे.

विश्रांतवाडीकर
मग 'मृतात्म्यास सद्गती' अजिबात नको, ताई. आमचं घर बौद्ध आहे. आम्ही आत्मा मानत नाही, तेव्हा आत्म्याला गती, सद्गती, चिरशांती यातलं काहीच आमचं नाही. बाबासाहेबांनी 1956 साली नागपुरात दीक्षा दिली तेव्हाच्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष, पिंडदान करणार नाही हेही आहे. 'कै.' पण चालत नाही, कारण कैलासवासी. म्हणून 'कालकथित'. माझे आजोबा गेले तेव्हा ऑफिसातून 'ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो' असं छापील कार्ड आलं. पाठवणाऱ्याच्या मनात काही नव्हतं, पण माझ्या वडिलांनी ते बाजूला ठेवलं, भिंतीवर नाही लावलं.

अण्णा
अरे वा, मग तर प्रश्नच मिटला. मॅनेजर बौद्ध, कर्मचारी बौद्ध. 'निर्वाण प्राप्त होवो' लिहा.

विश्रांतवाडीकर
नाही हो अण्णा. निर्वाण कुणी शुभेच्छा म्हणून देत नसतं, ते मिळवायचं असतं. बाबासाहेबांसाठी 'महापरिनिर्वाण' म्हणतो तेही त्यांच्यासाठी. आणि आमचा बौद्ध धम्म नि त्यांचा जपानी बौद्ध धर्म यांत नावाखेरीज फार थोडं सारखं आहे. तिथे मृतांसाठी प्रार्थना करतात, परलोकाची कल्पना आहे. 'दोघेही बौद्ध' म्हणून शब्द जुळतील असं नाही.

अण्णा
बरं. मग 'श्रद्धांजली'? तो शब्द श्राद्धावरून आलाय, तोही बाद?

ओरिगामी
अर्धं बरोबर. 'श्राद्ध' आणि 'श्रद्धांजली' दोन्ही 'श्रद्धा'वरून आले, एक दुसऱ्यावरून नाही. शिवाय पालीत 'सद्धा' आहे, बौद्ध परंपरेतला मोठा शब्द. व्युत्पत्तीनं आक्षेप घेता येणार नाही.

विश्रांतवाडीकर
आमच्या काकांच्या फ्लेक्सवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' होतंच! घरोघरी वेगळं आहे. आम्ही 'आदरांजली' किंवा 'विनम्र अभिवादन' पसंत करतो, पण श्रद्धांजलीवर कुणी भांडत नाही. आत्म्यावर मात्र खटकतं.

मुक्ता
श्रद्धांजली मला दुसऱ्या कारणानं नको. ती गेलेल्याला वाहायची असते, आणि मॅनेजरचं पत्र जिवंत माणसाला आहे.

सुलभाकाकू
हे छान बोललीस! व्हॉट्सअॅपवर लोक मुलालाच 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहितात, मला धसकाच बसतो.

परदेशस्थ
मी म्युनिकला असतो. माझ्या इथल्या शेजारणीचा नवरा गेला तेव्हा मी आपलं 'गीता सांगते आत्मा अमर आहे' हे जर्मनमध्ये करून पाठवलं. तिनं सभ्यपणे आभार मानले आणि नंतर विचारलं, हे मला का सांगितलंत? आता मी तुमच्यासारखा विचार करतो, पण तेव्हा मला ते अगदी मनापासून वाटलं होतं. खरं तर हा धागा वाचून तेच आठवलं. मुक्ताच्या प्रश्नाचं उत्तर नाही माझ्याकडे.

मुक्ता
आता शेवटची ओळ. 'गोहेन्शिन नि वा ओयोबिमासेन'. जपानीत ही सौजन्याची ओळ आहे: तू शोकात आहेस, माझ्या पत्राला उत्तर देण्याचा भार घेऊ नकोस. 'उत्तर देण्याची आवश्यकता नाही' म्हटलं की मराठीत दार लावल्यासारखं वाटतं.

अण्णा
मग ती ओळ गाळ.

ओरिगामी
गाळू नये. त्यातच त्याची काळजी आहे. 'उत्तराचं मनावर घेऊ नका, सवडीनं बोलू' असं काहीसं. भार उतरतो, दार उघडं राहतं. एक जोडखबर देते: जपानी शोकपत्रात 'पुन्हा पुन्हा', 'वारंवार' अशी जोडशब्दांची पुनरुक्ती टाळतात, कारण दुःख पुन्हा यावं असं ध्वनित होतं. पाकीटही दुहेरी नको. ऋतूचं वर्णन, नेहमीची नमस्काराची सुरुवात, तेही गाळतात.

सुलभाकाकू
अगं आपल्याकडेही तेच! दुखवट्याच्या कार्डावर वर 'श्री' लिहीत नसत, वाचून झालं की ते फाडून टाकत. आणि समाचाराला गेलेला माणूस निघताना 'येतो' म्हणत नाही. मी तरी म्हणत नाही.

मुक्ता
म्हणजे मराठीत करतानाही 'पुन्हा भेटू' नको. 'सवडीनं बोलू' चालेल.

मी मॅनेजरला खाली जाऊन विचारलं, सहकाऱ्याचे वडील तुम्हाला कधी भेटले होते का? म्हणाला, मागच्या फॅमिली डेला आले होते, मुलगा ज्या मशीनवर काम करतो तिच्यासमोर खूप वेळ उभे होते, हात लावायला मात्र तयार नव्हते. ही ओळ मराठीत घातली तर चालेल का विचारलं. तो जरा अडखळला. जपानी पत्रात असं लिहिलं तर स्वतःला पुढे केल्यासारखं वाटेल म्हणाला. मग म्हणाला, मराठीत बरं वाटत असेल तर घाल.

दुसरा खर्डा:

"तुमचे वडील गेल्याचं कळलं. फॅमिली डेला ते तुमच्या मशीनसमोर बराच वेळ उभे होते, ते मला आठवतं. तुमच्या आणि घरच्या सगळ्यांच्या दुःखात मी सहभागी आहे. त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन. धीर सोडू नका. उत्तराचं मनावर घेऊ नका, सवडीनं बोलू."

अण्णा
सुंदर. पण हे त्याचं पत्र राहिलं का? मूळ चार ओळींत एकही आठवण नव्हती, तू ती आणलीस. 'मी' कुठे होता मुळात?

ओरिगामी
विचारून आणली. शिवाय जपानीत ठरलेली ओळ जशीच्या तशी लिहिणं हाच खरेपणा मानतात, नवे शब्द शोधले तर उलट संशय येतो. मराठीत ठरलेली ओळ पोकळ वाटते, कारण ती रोज फ्लेक्सवर दिसते. शब्द राखले तर वजन जातं. अण्णा, तुमचा आक्षेप चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. मूळ मजकुराखाली 'भाषांतर' लिहून सोबत जोडला तर?

मुक्ता
दोन्ही एकाच कागदावर, वर जपानी, खाली मराठी. जपानीत मात्र ती मशीनची ओळ नाही.

अण्णा
मग दोन पत्रं झाली.

मुक्ता
हो, झाली. तेच अजून टोचतंय. 'विनम्र अभिवादन' मात्र ठेवते. विश्रांतवाडीकर, हे ठीक वाटतं ना?

विश्रांतवाडीकर
ठीक आहे. तो माणूस वाचेल तेव्हा मशीनवाली ओळच वाचेल, बाकीचं नंतर. आणि पुण्यानुमोदनाच्या दिवशी मॅनेजरला न्या. तिथे बसलं की झालं, बोलायला काही लागत नाही.

सुलभाकाकू
आणि निघताना 'येतो' म्हणू देऊ नका हं त्याला.