मदत हवी आहे: दोन समांतर शीट, गाऊसच्या नियमात दुसरी शीट धरायची की नाही?

विश्रामबाग_बारावी: सांगलीत बारावी सायन्सला आहे. गणित असं: डावीकडे +17.7 nC/m² ची अनंत पातळ शीट, उजवीकडे तिला समांतर −35.4 nC/m² ची. तिन्ही भागांतलं E काढा. मी डाव्या शीटमधून आरपार जाणारी डबी घेतली. 2EA = σA/ε₀, म्हणून E = 1000 N/C. दुसरी शीट डबीबाहेर आहे, म्हणजे तिचा संबंधच नाही ना? मग मधल्या भागाचं उत्तर 3000 कसं दिलंय?

कृष्णाकाठ: एवढं काय त्यात? मध्ये σ/ε₀, बाहेर दोन्हीकडे शून्य. पाठ करून टाक.

निवृत्त_मास्तर: कृष्णाकाठ, ते चार्ज सारखे आणि विरुद्ध असतील तेव्हाच. इथे एक दुसऱ्याच्या दुप्पट आहे.
बाळ, तुझा नियम बरोबर आहे, 2EA लिहिलंस तिथे घोटाळा आहे. दोन्ही झाकणांवर E सारखंच, हे तू गृहीत धरलंस. शीट एकटी असेल तर ते खरं. शेजारी दुसरी आली की तिचं क्षेत्र एका झाकणातून आत शिरतं आणि दुसऱ्यातून तितकंच बाहेर पडतं. फ्लक्सच्या हिशेबात ते कटतं, पण क्षेत्र तिथे असतंच. म्हणून प्रत्येक शीट एकटी धरून काढ आणि दिशा बघून बेरीज कर.
पहिलीचं 1000, शीटपासून दूर. दुसरीचं 2000, शीटकडे. मध्ये दोन्ही उजवीकडे, म्हणून 3000. डाव्या बाहेरच्या भागात 1000 डावीकडे, 2000 उजवीकडे. उरलं 1000 उजवीकडे. उजव्या बाहेरच्या भागात 1000 डावीकडे.
आता तुझीच डबी परत लाव: डावी शीट ओलांडताना E 1000 वरून 3000 झालं, वाढ 2000, म्हणजे बरोबर σ/ε₀. दुसरीपाशी 3000 वरून −1000, फरक −4000. तोही जुळतो. चिन्ह चुकलं तर इथेच पकडलं जातं.

तासगावचा_बागायतदार: प्लेटांचा विषय निघालाय म्हणून विचारतो. विहिरीवरच्या सिंगल फेज मोटारीचा कंडेन्सर फुगलाय, मोटार नुसती गुणगुणते. बदलू का?

निवृत्त_मास्तर: बदला, पण लाइन बंद करून आणि त्यातला चार्ज उतरवून मगच हात लावा. बाकी वायरमनला विचारा.

विश्रामबाग_बारावी: सर, फरकाचा हिशेब जुळला. पण याच शीट धातूच्या जाड प्लेटा असत्या तर? चार्ज दोन्ही पृष्ठांवर जाईल ना?

कृष्णाकाठ: धातू म्हटलं की चार्ज सगळा आतल्या बाजूला, समोरासमोर.

निवृत्त_मास्तर: सगळा नाही. 17.7 आणि 35.4 समोरासमोर बसले तर प्लेटच्या आत E शून्य येतं का, तेवढं करून बघ आणि इथेच टाक.