हस्त तिसरा चरण, अक्षर ‘ण’: बारशाला नाव काय ठेवावं?

बावड्याची_आत्या: नमस्कार मंडळी. भावाला मुलगी झालीय, रविवारी कोल्हापुरात बारसं आहे आणि नाव मी ठेवणार. गुरुजींनी पत्रिकेत हस्त नक्षत्र, तिसरा चरण, अक्षर ‘ण’ असं लिहून दिलंय. ‘ण’वरून नाव आणायचं कुठून? वहिनीला ‘पूर्वा’ आवडलंय, पण अक्षर सोडायचं नाही असं आई म्हणते. जन्म सकाळी ८:३५ चा. हस्त आदल्या दुपारी २:१० ला लागलं, दुसऱ्या दिवशी २:५० ला संपलं. काय करावं?

शाहूपुरीकर: ‘ण’ऐवजी ‘न’ घ्या की. नंदिनी, नेहा, ढीगभर नावं आहेत. आमच्या पाहुण्यांत असंच केलंय.

पंचांगवाले_काका: ‘ण’वरून नाव सुरू होत नाही हे बरोबर, पण ‘न’ घेऊ नका. ना, नी, नू, ने ही अनुराधाची अक्षरं, म्हणजे रास वृश्चिक होते. बाळाची रास कन्या. हस्ताची चार अक्षरं पू, ष, ण, ठ. त्यामुळे ‘पूर्वा’ त्याच नक्षत्रातलं, त्याच राशीतलं आहे. फक्त चरण पहिला. अडचणीच्या अक्षराला बरेच गुरुजी हीच वाट काढतात.

आणखी एक बघा. नक्षत्र २४ तास ४० मिनिटं होतं, म्हणजे एक चरण ६ तास १० मिनिटांचा. तिसरा पहाटे २:३० ला लागून ८:४० ला संपतो. बाळ त्याच्या आत फक्त पाच मिनिटं आहे. दवाखान्यातली वेळ अंदाजे लिहिली असेल तर चौथा चरण, अक्षर ‘ठ’. शिवाय चंद्राची गती सारखी नसते, म्हणून इतक्या काठावर नुसता भागाकार पुरत नाही. गुरुजींना चंद्राचे अंश बघायला सांगा.

रंकाळ्यावरची_आजी: आमच्या नातीचं रेवती, ‘ची’ आलं होतं. पत्रिकेत चिन्मयी, हाक मारायला सई. पाळण्यात घालताना आत्यानं आधी नावरस नाव कानात सांगितलं, मग कुर्र करून सगळ्यांसमोर सई. पोरीला हाक मारायची तर आवडीनंच मारा. घुगऱ्या मात्र आदल्या रात्री भिजत घाला गं.

बावड्याची_आत्या: काका, ‘पू’चं आईला पटलं, आभार. पण गुरुजी म्हणतात ‘ण’च्या जागी शास्त्रात ‘ड’ सांगितलाय.

पंचांगवाले_काका: तसा श्लोक आहे. ङ, ञ, ण आले तर अनुक्रमे ग, ज, ड घ्यावेत. पण डा पुष्याचा आणि डी, डू, डे, डो आश्लेषाचे, म्हणजे रास कर्क. तिथं मला तो नियम पटत नाही. मानणारे मानतात.

बावड्याची_आत्या: मग ‘ड’वरचं नावरस नाव कानात आणि ‘पूर्वा’ पाळण्यात, असं केलं तर? दवाखान्यातून नेमकी वेळ आज विचारून घेते.