शब्दचर्चा: ‘थिटा’ला क्षय म्हणायचं, घसारा की भाडं?

पर्वतीपायथा
आम्ही सात-आठ जण दर रविवारी टिळक रस्त्यावरच्या एका अमृततुल्यात बसून ऑप्शनचा, म्हणजे ठरल्या भावाला घेण्याच्या किंवा विकण्याच्या हक्काच्या सौद्यांचा, अभ्यास करतो. आता मराठीत टिपणं काढायची ठरवली आहेत. गॅमा, थिटा ही नावं राहू देत, पण थिटाचं काम सांगणारा एक शब्द हवा. दिवस सरला की ऑप्शनचा भाव जेवढा उतरतो, ते. मी ‘कालक्षय’ लिहिलं, गटातला एक जण ‘झीज’वर अडून बसलाय. तुम्ही काय म्हणाल?

निवृत्तबाई
दोन्ही नको. ‘कालक्षय’चा समास सोडवा, कालाचा क्षय. म्हणजे वेळ फुकट घालवणं. तुम्हाला काळामुळे होणारा भावाचा क्षय म्हणायचंय. आणि नुसतं ‘क्षय’ लिहिलंत तर माझ्या वयाच्या माणसांना औंधचं छातीचं रुग्णालय आठवेल. झीज होते ती वापरानं, उंबऱ्याची, चपलेची. तुमचा ऑप्शन नुसता पडून राहिला तरी उतरतो ना? डबीतला कापूर कोणी न लावताही उडतो, तसं ते आहे. ‘उडणं’ घ्या.

जुनी खातेवही
बाई, त्याला आमच्याकडे तयार शब्द आहे, घसारा. यंत्र चालवा नाहीतर झाकून ठेवा, घसारा धरावाच लागतो. ऑप्शन घेणाऱ्याचं रोज ठरलेलं नुकसान, विकणाऱ्याची रोज ठरलेली कमाई. म्हणून तर मी फक्त विकतो.

डेल्टाशून्य
घसारा आपोआप होतो, इथवर मान्य. पुढचं नाही. मी बारा वर्षं एका दलालाच्या डेस्कवर हेच काम केलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

क्षय, झीज, कापूर, घसारा या चारही शब्दांतून एकच कळतं, की काहीतरी फुकट गेलं. थिटा फुकट जात नाही. त्याच्या बदल्यात त्याच दिवशी तुमच्या हातात गॅमा असतो, निर्देशांक कुठल्याही दिशेला हलला की कमाई करून देणारा. आकडे घेऊन बघा. निर्देशांक २४,००० वर आहे, बाजार वर्षाला १६ टक्के हालचाल धरून भाव लावतोय, आणि एक्स्पायरीला, म्हणजे मुदत संपायला, चार सत्रं उरलीत. २४,००० चा कॉल म्हणजे घेण्याचा हक्क आणि पुट म्हणजे विकण्याचा हक्क, दोन्ही मिळून म्हणजे स्ट्रॅडल साधारण ३८३ अंकांना पडेल. पहिल्या दिवसाचा थिटा ४८ अंकांच्या आसपास.

हे ४८ आले कुठून? वर्षाचे १६ टक्के म्हणजे दिवसाचा साधारण १ टक्का, कारण वर्षात अडीचशेच्या आसपास सत्रं असतात आणि त्यांचं वर्गमूळ १६ च्या जवळ येतं. म्हणजे बाजार म्हणतोय, रोज २४० अंक हलेल. निर्देशांक खरोखर २४० हलला तर या स्ट्रॅडलचा गॅमा तुम्हाला किती देतो? तेच ४८. विकणाऱ्यानं २४० ची हालचाल गृहीत धरून तिचे पैसे आधीच लावलेत. व्याज बाजूला ठेवलं तर सगळं एका ओळीत मावतं, Θ थिटा, Γ गॅमा, S निर्देशांक आणि σ भावात धरलेली हालचाल:

Θ = −½ Γ S² σ²

थिटा आणि गॅमा वेगवेगळे मिळतच नाहीत. एक हवा तर दुसरा पदरात पडतोच.

बुधवारची पावती
हे सगळं कागदावर. मी बुधवारी अगदी अस्साच स्ट्रॅडल घेतला होता, दोन लॉट. दुपारपर्यंत निर्देशांक ३०० वर गेला, मी खूश. तीन वाजता पुन्हा जिथल्या तिथे. दुसऱ्या दिवशी उघडताना हातात ३३२ चा भाव. एवढा हलूनही ५१ गेले! कुठे दिला गॅमानं?

डेल्टाशून्य
दिला होता, तुम्ही उचलला नाहीत. (तुमचे ५१ आणि माझे ४८ यात विसंगती नाही. दिवस सरेल तसा थिटा वाढत जातो, पूर्ण दिवसाचे मिळून ५१ होतात.)

स्ट्रॅडल घेतला तेव्हा तुमचा डेल्टा, म्हणजे निर्देशांक एक अंक हलला की तुमचा भाव किती हलतो तो आकडा, शून्य होता. ३०० वर गेल्यावर तो प्रत्येक स्ट्रॅडलमागे साधारण अर्धा झाला. दोन लॉट होते म्हणजे एका फ्युचरइतका. तिथे, २४,३०० ला, एक लॉट फ्युचर, म्हणजे निर्देशांकाचा पुढच्या तारखेचा सौदा, विकायचं. बाजार परत २४,००० ला आला की त्या फ्युचरवर ३०० अंक मिळाले असते. दोन स्ट्रॅडलवर गेले १०२. उरले १९८, दलाली आणि कर वजा जाता. तुम्ही मात्र सकाळी होतात तिथेच संध्याकाळी उतरलात आणि मधली चढउतार नुसती पाहिलीत.

गॅमा म्हणजे हेच. भाव वर गेला की आपोआप तुमच्याकडे जास्त माल होतो, खाली गेला की उलट. म्हणून तुम्हाला महाग असताना विकायला आणि स्वस्त असताना घ्यायला मिळतं. विकणाऱ्याला तोच हिशोब उलटा, चढल्यावर घ्यायचं आणि पडल्यावर विकायचं. त्या त्रासाचे तो रोज ४८ घेतो.

स्वारगेटकर
मग हे तर रिक्षाचं भाडं झालं की राव! आमचे आण्णा दुसऱ्याची रिक्षा शिफ्टनं चालवायचे. मालकाला संध्याकाळी ठरलेले पैसे द्यायचेच, धंदा होवो न होवो. पॅसेंजर डेक्कनला न्या नाहीतर हडपसरला, दिशेशी मालकाला देणंघेणं नाही. आणि येताना रिकामं आलं की आण्णांची चिडचिड. बुधवारवाल्या दादांनी स्टेशनपर्यंत पॅसेंजर नेला, परत आणला, पण मीटरच टाकलं नाही.

निवृत्तबाई
हे मला समजलं बघा. ‘भाडं’च घ्या. क्षयाला देणारा दिसत नाही, घेणाराही दिसत नाही. भाड्याला दोघं लागतात.

डेल्टाशून्य
मलाही पटलं, फक्त एका ठिकाणी रिक्षा अडते. मीटर किलोमीटरला सारखं पडतं, गॅमा वर्गानं पडतो. २४० हलला तर ४८, पण १२० हलला तर २४ नाही, फक्त १२. आणि ४८० हलला तर चौपटीच्या घरात, प्रत्यक्षात जरा कमी, कारण स्ट्राइकपासून, म्हणजे ठरल्या २४,००० पासून, लांब गेलं की गॅमाच आटतो. अर्धवट हललेल्या दिवशी अर्धं भाडंही सुटत नाही.

‘थिटा खातो’ हा समज यातूनच आला. बाजारानं लावलेला अंदाज अगदी बरोबर असला तरी तीनातले दोन दिवस हालचाल २४० च्या आतच राहते. म्हणजे घेणारा महिन्यातले बहुतेक दिवस तोट्यात, आणि उरलेल्या थोड्या दिवसांत सगळं वसूल. रोज संध्याकाळी पाहणाऱ्याला घसाराच दिसणार, यात खातेवहींची चूक नाही.

जुनी खातेवही
चूक नाही म्हणता, पण वर्षाअखेरीस माझ्या वहीत नफा आहे. त्याचं काय? आणि एक्स्पायरीच्या दिवशी तर थिटा दुप्पट, तिप्पट. मी तेव्हाच विकतो.

डेल्टाशून्य
नफा असेल. निर्देशांकाच्या ऑप्शनमध्ये भावात धरलेली हालचाल बऱ्याचदा प्रत्यक्षापेक्षा थोडी जास्त असते. भाडं बाजारभावापेक्षा जरा चढं, तेवढी तुमची कमाई, आणि ती जोखमीबद्दल आहे. ४ जून २०२४, निवडणुकीच्या निकालाचा दिवस आठवा. निफ्टी सुमारे १,३८० अंक, जवळजवळ ६ टक्के पडला. आदल्या संध्याकाळी लोक मोठी हालचाल धरूनच होते, तरी एवढी नाही. त्या दिवशी ज्यांनी उघडं विकलं होतं त्यांचं किती महिन्यांचं भाडं एका दिवसात परत गेलं, ते त्यांनाच विचारा.

एक्स्पायरीचं म्हणाल, तर वरच्याच स्ट्रॅडलला एकच सत्र उरलं की थिटा ४८ चा ९६ होतो. पण गॅमाही नेमका दुप्पट होतो. सुटायला लागणारी हालचाल पहिल्या दिवशी २४० होती, शेवटच्या दिवशीही २४०च. तुम्ही फक्त मोठी रिक्षा भाड्यानं देताय.

जुनी खातेवही
बरं, ४ जूनला मी बाहेर होतो, नातवाच्या मुंजीत. देवाची कृपा.

बुधवारची पावती
म्हणजे यापुढे ३०० हलला की फ्युचर विकायचं, एवढंच ना?

डेल्टाशून्य
एवढंच असतं तर काय! ३०० ला विकलंत आणि तिथून आणखी ३०० चढला, तर न विकणाऱ्याला तुमच्यापेक्षा जास्त मिळतात. किती हलल्यावर उचलायचं याचं एकच उत्तर मला बारा वर्षांत सापडलं नाही. दर ५० अंकांना हेज केलंत, म्हणजे फ्युचरनं डेल्टा पुन्हा शून्यावर आणलात, तर दलाली आणि कर गॅमा खाऊन टाकतात, दिवसातून एकदाच केलंत तर तुमचा बुधवार होतो. शिवाय तुमच्या ३३२ मध्ये मी धरलंय की बाजार अजून १६ टक्केच मानतोय. घटना उरकली आणि तो १३ वर आला, तर भाव आणखी पडतो आणि लोक तेही थिटाच्याच खात्यात टाकतात. तो थिटा नाही. रिक्षाचाच भाव उतरला, असं समजा.

स्वारगेटकर
एक शंका. शनिवार-रविवारचं भाडं लागतं का? आण्णांना रविवारी लागायचं नाही.

जुनी खातेवही
लागतं. सोमवारी सकाळी भाव उतरलेलाच असतो.

डेल्टाशून्य
बाजार बंद तर हालचाल नाही, मग भाडं कसलं, असं मी म्हणेन. पण बातम्या रविवारीही येतात आणि सोमवारी अंतर टाकून उघडतं, म्हणून थोडं लागतंच. कुणाचं सॉफ्टवेअर ३६५ दिवस धरतं, कुणाचं सत्रं मोजतं, आणि शुक्रवारी दुपारी दोघांच्या पडद्यावर थिटा वेगळा दिसतो. भाव करणारे शुक्रवारीच बरंचसं उतरवून ठेवतात. किती, ते आठवड्याआठवड्याला बदलतं.

पर्वतीपायथा
‘भाडं’ नक्की केलं. आता गॅमाला जोडीचा शब्द सुचतोय का? ‘वक्रता’ लिहिलं तर गटातले निम्मे उठून जातील.

निवृत्तबाई
काठीला बाक येतो, म्हाताऱ्याच्या पाठीला बाक येतो. तुमच्या भावाच्या रेषेला वाक असेल तर ‘बाक’ म्हणा. बाकाचं भाडं, जोडी जमते.

स्वारगेटकर
बाई, शाळेतला बाक मंगल कार्यालयाला भाड्यानं दिल्यासारखं वाटतंय.

निवृत्तबाई
वाटू दे. निदान लक्षात राहील.