गीझर किती अंशांवर ठेवावा? घरात सीओपीडीचे रुग्ण आणि लहान मूल, दोन्ही आहेत

मृण्मयी_द
आमच्याकडे ५० लिटरचा उभा गीझर आहे, दिवसरात्र चालू असतो. नॉबवर आकडे नाहीत, नुसती निळ्यापासून लालपर्यंत पट्टी. वीज वाचावी आणि गार पाणी मिसळावं लागू नये म्हणून नॉब मध्यावर ठेवलाय. काल लाल दिवा विझल्याबरोबर मगात पाणी घेऊन थर्मामीटर बुडवला, ४३ अंश निघालं.

बाबा ७१ वर्षांचे, सीओपीडी म्हणजे फुप्फुसांचा जुनाट आजार, स्टिरॉइडचा पंप घेतात. त्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, "गीझरचं तापमान किती ठेवता?" मला सांगताच आलं नाही. आता कळतंय की ४३ला जंतू वाढतात. पण ६०वर ठेवलं तर पाच वर्षांचा मुलगा भाजेल अशी भीती वाटते. मधला एखादा आकडा चालेल का?

अनंत७७
चालू ठेवताच कशाला? अंघोळीआधी अर्धा तास लावा, मग बंद करा. पाणी गरम राहिलंच नाही तर जंतू वाढणार कुठे? आणि प्यायचं पाणी उकळून घ्या, म्हणजे काळजी मिटली.

बाष्पक
मोठ्या इमारतींची गरम पाण्याची यंत्रणा सांभाळण्यात माझी वीस वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डॉक्टरांच्या मनात लिजिओनेला असणार. १९७६मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांच्या संमेलनानंतर न्यूमोनियाची साथ आली, तिचं कारण शोधताना हा जंतू सापडला. तो पाण्याच्या बारीक तुषारांतून फुप्फुसात जातो. त्यामुळे प्यायचं पाणी उकळून हा धोका टळत नाही, शॉवरकडे बघायला हवं. वाढतो २० ते ४५ अंशांत, पस्तिशीच्या आसपास सगळ्यात जोमानं. ५०च्या वर वाढ थांबते, पण मरायला तास लागतात. ६०ला मात्र दर दोनेक मिनिटांत दहातले नऊ मरतात. म्हणून मधला आकडा शोधू नका.

अनंतराव, बंद केलेल्या टाकीत गरम पाणी उरतंच. ते हळूहळू निवतं, म्हणजे कित्येक तास नेमकं त्याच टप्प्यात राहतं. दुसऱ्या दिवशी ४३पर्यंत तापवलं तर काहीच मरत नाही. रोज ६०पर्यंत तापवून अर्धा तास तसंच राहू दिलं, तर तुमची पद्धत बरीच बरी.

मृण्मयीताई, तुमचं ४३ हे टाकीच्या वरच्या भागातलं पाणी. नळाला तेच येतं. गार पाणी तळाशी शिरतं, कॉइलच्या खालचं पाणी कोमटच राहतं आणि क्षारांचा गाळही तिथेच बसतो. जंतूंचं बस्तान तिथे असतं. म्हणून वर्षातून एकदा तळाचा गाळ काढून घ्या.

रेवा
आमच्या गीझरच्या पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. तोही हाच जंतू का?

बाष्पक
नाही. तो बहुधा सल्फेटवर जगणाऱ्या दुसऱ्या जंतूंचा वास, टाकीतल्या मॅग्नेशियमच्या रॉडमुळे तो वाढू शकतो. लिजिओनेलाला ना वास ना रंग. वास नाही म्हणून पाणी चांगलं असं धरू नका.

मृण्मयी_द
मग ६०च. पण मुलाचं काय? आणि वीज किती वाढेल?

बाष्पक
भीती खरी आहे. ६०च्या पाण्यानं मोठ्या माणसाची कातडीसुद्धा पाचेक सेकंदांत खोलवर भाजते, मुलांची त्याहून लवकर. म्हणून टाकी ६०ला ठेवायची आणि मुलाच्या नळाआधी थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवायचा. तो गार पाणी मिसळून पाणी चाळिशीला आणतो आणि गार पाणी अचानक बंद झालं तर गरमही थांबवतो. साध्या मिक्सर नळाला हे जमत नाही. व्हॉल्व्ह शक्यतो नळाजवळच हवा, कारण त्याच्यापुढच्या पाइपात पुन्हा कोमट पाणीच साचतं.

विजेचं असं. बाथरूममध्ये २५ अंश धरा. ४३ला टाकी बाहेरच्यापेक्षा १८ अंशांनी गरम, ६०ला ३५ अंशांनी. म्हणजे नुसती उभ्या-उभ्या जाणारी उष्णता जवळपास दुप्पट. अंघोळीच्या पाण्याला मात्र तेवढीच वीज लागते, कारण ६०चं कमी पाणी काढून त्यात गार मिसळता. २० अंशांचं गार पाणी तेवढंच घातलं तर ५० लिटरचं ४० अंशांचं १०० लिटर होतं.

मृण्मयी_द
नॉब पुढे सरकवला. दुसऱ्या दिवशी दिवा विझल्यावर मोजलं तर ५६, आणखी थोडा सरकवला तर ६१. व्हॉल्व्ह मागवलाय. तोवर मुलाला बादलीतच, आधी गार आणि मग गरम ओतून, हातानं बघून अंघोळ घालते.

एक राहिलं. बाबांचा शॉवर गीझरपासून चार मीटरवर आहे, ते दोन-तीन दिवसांतून एकदाच वापरतात. त्या पाइपातलं पाणी तर थंडच होतं ना?

बाष्पक
होतं, आणि तिथे टाकीचे ६० अंश कामाला येत नाहीत. रोज कुणीतरी तो नळ पाणी कढत येईपर्यंत सोडायचा. शॉवरचं डोकं खाली बादलीत धरून, म्हणजे तुषार उडणार नाहीत. बाबा त्या वेळी बाथरूममध्ये नकोत.

अनंत७७
मग बाबांनी शॉवर सोडून बादलीच का घेऊ नये?

बाष्पक
तुषार कमी होतील, पण नळाखाली पाणी शिंतडतंच. त्यांच्या फुप्फुसांसाठी तेवढं पुरेल का, ते डॉक्टरच सांगतील.

मृण्मयी_द
सोमवारी त्यांची तपासणी आहे. तेव्हा विचारून इथे लिहिते.