मदत हवी आहे: क्रॉसटॅबमधले टक्के आडवे वाचायचे की उभे?

समाजशास्त्राच्या असाइनमेंटमध्ये लिंग आणि संघटनेचं सदस्यत्व यांचा तक्ता आहे. ओळींत लिंग: २४० स्त्रियांपैकी १४४ सदस्य, १६० पुरुषांपैकी ६४. ओळीनुसार ६० आणि ४० टक्के. स्तंभानुसार मात्र सदस्यांत ६९ टक्के स्त्रिया, पण नमुन्यात मुळात स्त्रियाच जास्त आहेत. लिंग स्वतंत्र चल, म्हणून तुलना ओळीच्या टक्क्यांनीच करावी ना?

दुसरं, काय-वर्ग १५.३८, df १, आणि p पुढे SPSS .000 दाखवतं. ते p < .001 असं लिहीन. मैत्रीण म्हणते, म्हणजे संबंध खूप घट्ट. पण फाय जेमतेम ०.२० येतो. ‘संबंध सार्थ, पण कमकुवत’ असं लिहिलं तर बरोबर ठरेल का? जाणकारांनी कृपया सांगा.